दहा वर्षे नेमकी कोठून कापली जातात?

मुलगा किंवा मुलगी कमावू लागली की घरात बचतीचा विषय निघतो, आणि बहुधा तेथेच संपतो. पगार बेताचा असतो, लग्न व्हायचे असते, आणि ‘वर्षाला साठ हजार बाजूला टाकून व्याज मिळणार तरी किती?’ हा प्रश्न अगदीच गैरलागू नसतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीपीएफचा, सध्याचा ७.१ टक्के दर धरला तर ६०,००० रुपयांवर पहिल्या वर्षी ४,२६० रुपये व्याज पडते. एवढ्यासाठी आज ओढाताण कशाला, पस्तिशीत हात मोकळा झाला की पाहू, असे ठरते.

या ‘पाहू’ची किंमत मोजण्यासाठी दोन जुळे भाऊ कल्पावेत. थोरल्याने पंचविसाव्या वर्षी पीपीएफचे खाते उघडले आणि दरवर्षी ५ एप्रिलच्या आत ६०,००० रुपये भरले. धाकट्याने तेच पस्तिसाव्या वर्षी सुरू केले. रक्कम तीच, शिस्त तीच, आणि दोघांचाही हिशेब साठाव्या वर्षी मिटतो. दर साऱ्या काळात ७.१ टक्केच राहिला असे धरले आहे, आणि खात्याच्या मुदतीतील एखाद्या वर्षाचा तांत्रिक फरक सोयीसाठी बाजूला ठेवला आहे.

धाकट्याला विचारले की उशिरामुळे तुझे किती गेले, तर तो थोरल्याचे पासबुक पस्तिसाव्या वर्षी उघडून पाहील. तेथे सुमारे ८ लाख ९२ हजार दिसतील. त्यात ६ लाख थोरल्याने स्वतः भरलेले. व्याज पावणेतीन लाखांहून थोडे अधिक, २ लाख ९२ हजार. धाकटा म्हणेल, सहा लाख माझ्याकडून खर्च झाले खरे, पण व्याजाचे नुकसान तीन लाखांच्या आतले आहे. पुढे भरून काढीन. त्याचे गणित चुकलेले नाही. चूक आहे ती पासबुक कोणत्या पानावर उघडायचे यात.

पस्तिशीनंतर धाकट्याचे पासबुक ओळीने ओळ थोरल्याच्या पासबुकाची नक्कल असते, फक्त दहा वर्षे मागून. थोरल्याने पस्तिसाव्या वर्षी जो आकडा पाहिला तो धाकटा पंचेचाळिसाव्या वर्षी पाहतो. थोरल्याच्या खात्यात पन्नाशीला सुमारे ४१ लाख २३ हजार झालेले असतात. धाकट्याच्या खात्यात नेमके तेवढेच साठीला होतात आणि तेथे वही बंद होते. म्हणजे धाकट्याच्या वहीत पहिली दहा पाने आहेतच. नाहीत ती शेवटची दहा. उशीर आरंभी केला जातो, पण कात्री अखेरीस लागते.

आणि त्या शेवटच्या दहा पानांवर काय असते? थोरल्याचे ४१ लाख २३ हजार पन्नास ते साठ या काळात ९० लाख ७९ हजार होतात. या दशकातही त्याने भरले सहाच लाख. उरलेले ४३ लाख ५६ हजार हे निव्वळ व्याज. अगदी शेवटच्या वर्षाचे व्याजच सहा लाखांच्या वर जाते, म्हणजे त्याच्या वर्षाच्या भरण्याच्या दहापट. धाकट्याने जे २ लाख ९२ हजार समजून सोडले, ते प्रत्यक्षात ४३ लाख ५६ हजार होते.

हे कसे घडते ते समजायला दामदुप्पट हा जुना शब्द पुरेसा आहे. ७.१ टक्क्यांनी रक्कम दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. थोरल्याने पहिल्या वर्षी भरलेले ६०,००० पस्तिशीला सव्वा लाखाच्या थोडे आत, पंचेचाळिशीला दोन लाख छत्तीस हजार, पंचावन्नाव्या वर्षी चार लाख सत्तर हजारांच्या घरात, आणि साठीला सहा लाख एकसष्ट हजारांच्या पुढे जातात. धाकट्याच्या पहिल्या ६०,००० रुपयांचे साठीला तीन लाख तेहतीस हजार होतात. एक दुप्पट कमी, एवढाच फरक. पण गाळली जाणारी दुप्पट लहान रकमेची नसून सर्वांत मोठ्या रकमेची असते. आपल्याकडील जुन्या कायद्यात दामदुपटीचा नियम होता तो याच धास्तीने : सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. कर्जदारावर चालून येणाऱ्या चक्रवाढीला बांध घालावा लागे, हे पूर्वजांनी ओळखले होते.

धाकट्याला थोरल्याची बरोबरी करायची असेल, तर पस्तिशीपासून त्याला दरसाल सुमारे १ लाख ३२ हजार भरावे लागतील, म्हणजे दुपटीहून अधिक. पीपीएफच्या वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत हे कसेबसे बसते. पंचेचाळिशीला जागे झालेल्याला मात्र ३ लाख ३५ हजारांच्या आसपास भरावे लागतील, आणि ते या खात्यात नियमानेच शक्य नाही.

येथे धाकट्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दहा वर्षांत पगार वाढतो आणि रुपया स्वस्त होतो, त्यामुळे पस्तिशीतले १ लाख ३२ हजार हे पंचविशीतल्या १ लाख ३२ हजारांइतके जड नसतात. महागाई अखेरच्या रकमांनाही सोडत नाही. भाव दरसाल पाच टक्क्यांनी वाढले, तर थोरल्याच्या ९० लाख ७९ हजारांची किंमत त्याच्या पंचविशीतल्या भावाने साडेसोळा लाखांच्या आसपास भरेल, आणि धाकट्याच्या रकमेची साडेसात लाख. नव्वद लाख ऐकून हुरळणाऱ्याने हे आधी मनात धरावे. शिवाय दर कायम राहत नाही : नव्वदच्या दशकात पीपीएफवर १२ टक्के मिळत, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळतात, आणि सरकार दर तिमाहीला फेरविचार करते. आकडे हलतील, पण दोघांचा दर आणि महागाई एकच असल्याने दोघांमधले अंतर या कारणांनी पुसले जात नाही.

ते अंतर पुसून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरातच घडते. पंधरा वर्षांची मुदत संपते तेव्हा थोरला चाळिशीचा असतो आणि खात्यात १६ लाख २७ हजार असतात. फ्लॅटचे नूतनीकरण, मोठी गाडी, दुकानाची सजावट यांपैकी काहीतरी दारात उभे असतेच. त्याने सारी रक्कम उचलली आणि पुन्हा साठ हजारांनी नवा आरंभ केला, तर साठीला त्याच्याकडे २६ लाख ६३ हजार जमतात. दहा वर्षे उशिरा आलेल्या धाकट्यापेक्षा हा साडेचौदा लाखांनी मागे. उचललेले १६ लाख २७ हजार जागेवर राहिले असते तर त्यांचेच ६४ लाख झाले असते.

म्हणून मुदत संपण्याच्या वर्षी पासबुकावर लक्ष असावे. पुढील पाच वर्षांसाठी भरणा चालू ठेवायचा असेल, तर मुदतीनंतर एक वर्षाच्या आत बँकेत किंवा टपाल कार्यालयात तसा अर्ज द्यावा लागतो. अर्ज न देता भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, आणि ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. अर्ज देऊन चालू ठेवलेल्या खात्यातून अडचणीला पाच वर्षांच्या टप्प्यात, टप्प्याच्या आरंभीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, त्यामुळे खाते मोडण्याची गरज क्वचितच पडते. आणि नवा भरणा झेपत नसेल, तर अर्ज न करता, काहीही न भरता खाते तसेच राहू द्यावे. जुन्या शिलकीवर व्याज पडत राहते.