‘लहान तोंडी मोठा घास’ आता पुरे

दोन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ अभ्यासकांचा लेख एका मासिकात वाचला. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी त्यांची पुस्तकं वाचूनच विचार करायला सुरुवात केली. मीही त्यातलाच, म्हणून इथे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. लेखात एक वाक्य होतं. १९८६च्या कायद्यानंतर घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क इद्दतीपुरताच उरला, अशा अर्थाचं.

हे विधान चूक आहे. शाहबानो निकालानंतर आलेल्या त्या कायद्यात म्हटलंय की, नवऱ्याने ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ इद्दतीच्या मुदतीत करावी. २००१मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी या वाक्याचा अर्थ लावला. मुदत आहे ती पैसे देण्याची. तरतूद मात्र तिच्या पुढच्या आयुष्याची करायची, ती तीन महिन्यांच्या खर्चावर संपत नाही. सगळा फरक ‘मुदतीत’ आणि ‘मुदतीपुरती’ या दोन शब्दांमधला.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘सरांनी २००१चा निकाल वाचलेलाच दिसत नाही.’ एका मित्राने विचारलं, “तुला कसं ठाऊक?” खरंच, मला ठाऊक नव्हतं. चूक विधानात होती आणि मी आरोप माणसावर केला होता, तोही पुराव्याशिवाय. ते वाक्य काढलं.

मग संपादकांचा फोन आला, “भाई, बुजुर्ग आहेत, थोडं मऊ करा.” मी मऊ केलं. छापून आलं ते असं: ‘लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण सरांचे विवेचन मोलाचे असले तरी काही न्यायालयीन निकालांच्या प्रकाशात या प्रश्नाकडे कदाचित वेगळ्या कोनातूनही पाहता येऊ शकेल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.’

महिनाभराने माझ्या खालाच्या मुलीचा फोन आला. तिची तलाकनंतरची बोलणी चालू होती. सरांचा लेख आणि माझं उत्तर, दोन्ही तिने वाचलं होतं. तिने एवढंच विचारलं, “भाईजान, मग इद्दतीनंतरचं मिळतं की नाही?”

माझं उत्तर वाचून तिला ते कळलं नव्हतं. कळणार तरी कसं? मी कोणता निकाल ते सांगितलं नव्हतं, सरांचं कोणतं वाक्य ते सांगितलं नव्हतं, आणि ‘चूक’ हा शब्द तर कुठेच नव्हता. ज्याला आपण अदब म्हणतो, त्यातली बरीचशी अशीच असते. सरांचं मन राखलं जातं, माझं नाव चांगलं राहतं, आणि ज्या बाईसाठी हा सगळा वाद, ती तिथेच राहते. मला या अदबीचा राग येतो, आणि सर्वात जास्त येतो तो ‘लहान तोंडी मोठा घास’ या वाक्याचा. ते वाचकाला आधीच बजावतं की माझ्या पुराव्याचं वजन माझ्या वयाएवढंच धरा. निकालाची तारीख माझ्या वयाने बदलत नाही.

आमच्याकडे इख्तिलाफचीही एक जुनी रीत आहे, आणि ती अशी गुळमुळीत नव्हती. इमाम मालिक मदिनेत आणि इमाम लैस बिन साद मिस्रमध्ये. वयाने दोघे जवळपास बरोबरीचे, पण मालिक यांचा दबदबा मोठा. मालिक यांनी लैसना लिहिलं की, तुम्ही मदिनेच्या लोकांच्या रिवाजाविरुद्ध फतवे देता असं कानावर आलंय. त्यावर लैस यांनी दिलेलं उत्तर आजही उपलब्ध आहे. इब्न कय्यिम यांनी ते आपल्या ‘इलाम अल-मुवक्किईन’मध्ये उतरवून घेतलंय.

सुरुवातीला सलाम, खुशाली, दुआ. मग ते मालिक यांचं म्हणणं आधी मांडतात आणि त्यातलं जेवढं मान्य, तेवढं मोकळेपणाने मान्य करतात. मदिनेचा मान मान्य, तिथल्या आधीच्या विद्वानांचं एकमत जिथे आहे तिथे तेही मान्य. आणि मग मुद्दा: सहाबा तर मदिनेबाहेरही गेले, फौजांबरोबर गेले, त्यांनी तिथे दीन शिकवला, आणि त्यांच्यातही मतभेद होते. पुढे उदाहरण पावसाचं. पावसाच्या रात्री मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची मदिनेची रीत. लैस म्हणतात, शामचा पाऊस मदिनेपेक्षा कितीतरी जास्त, तरी तिथल्या एकाही इमामाने नमाज अशी एकत्र केली नाही, आणि तिथे अबू उबैदा, खालिद बिन वलीद, मुआज असे लोक होते.

इथे ‘कदाचित’ नाही, ‘वेगळा कोन’ नाही. मालिक ज्यांना मानतात त्यांचीच नावं आहेत, आणि कुणालाही तपासता येईल अशी गोष्ट आहे. शेवटी मालिक यांच्या दीर्घायुष्याची दुआ, आणि पत्र लिहीत राहा, घरच्यांची खुशाली कळवा, काही गरज असेल तर सांगा, असा आग्रह. मऊपणा पत्राच्या दोन्ही टोकांना आहे आणि माणसासाठी आहे. मधला मुद्दा घट्ट आहे.

मी तिसरा खर्डा याच रीतीने लिहिला आणि पुढच्या अंकात छापायला दिला. पहिलं वाक्य: ‘१९८६चा कायदा राजकीय दबावाखाली आला, हे सरांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.’ हे खुशामतीसाठी लिहिलं नव्हतं, मला ते खरंच मान्य आहे. नसतं तर लिहिलं नसतं, कारण खोटी स्तुती वाचकाला लगेच कळते आणि मग तिचा टोमणा होतो. दुसरं: ‘मात्र हक्क इद्दतीपुरताच उरला, हे त्यांचे विधान बरोबर नाही.’ इथे कर्ता विधान आहे, सर नाहीत. ‘यांनी’, ‘त्यांचे’ हा आदर मराठीत फुकट मिळतो, त्याने अर्थाला धक्का लागत नाही. ‘असे म्हटले जाते’ मात्र मी टाळलं. कुणी म्हटलं ते लपवणं हा आदर नव्हे, ती भीती आहे.

तिसऱ्या वाक्यात २००१चा निकाल आणि त्या दोन शब्दांमधला फरक. चौथ्यात जुलै २०२४चा निकाल: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचं त्यात म्हटलं होतं. ‘कदाचित’ एकदाच आला, अगदी शेवटी: ‘खालच्या न्यायालयांत ही तरतूद प्रत्यक्षात कितीजणींच्या हाती पडते, याबद्दल कदाचित सरांची निराशाच योग्य ठरेल.’ तिथे मला खरोखरच खात्री नव्हती. जिथे खात्री नाही तिथेच ‘कदाचित’ लिहायचं. खात्रीच्या वाक्यात ते घातलं तर ते खोटं बोलणंच झालं.

ऑफिसात कुणाचा कोड तपासताना आम्ही चुकीची ओळ दाखवतो, काय फुटतंय ते सांगतो, लिहिणाऱ्याबद्दल बोलत नाही. दहा वर्षं हे रोज करणारा मी, मासिकात लिहिताना विसरलो होतो.

छापण्याआधी खर्डा सरांना पाठवला. परवानगीसाठी नाही, माझ्या वाचण्यात चूक असेल तर कळावी म्हणून. संपादकांना हेही जड गेलं. सरांचा फोन आठ दिवसांनी आला. निकालाचा मुद्दा त्यांनी मान्य केला, पण जरा कुरकुरतच. मग खालच्या न्यायालयांवरून अर्धा तास भांडले, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी त्यांचंच बरोबर होतं. शेवटी म्हणाले, “तो पहिला लेख तुझाच होता का रे? त्यात तुला काय म्हणायचं होतं, ते मला कळलंच नव्हतं.”

खालाच्या मुलीला मी छापील पान पाठवलं. तिने ते वकिलाला दाखवलं.