तारीख उलटून गेल्यावर

एका कापड व्यापाऱ्याच्या कन्येने एम.कॉम. झाल्यावर एका वित्तसंस्थेत लेखा विभागातील पदासाठी मुलाखत दिली. मुलाखत गुरुवारी, 6 तारखेस झाली. ‘पुढच्या शुक्रवारपर्यंत, 14 तारखेस कळवतो,’ असे मनुष्यबळ विभागातील बाईंनी सांगितले होते. 14 तारीख गेली, सोमवारही गेला. इकडे दुसऱ्या एका कंपनीने नियुक्तीपत्र देऊन 24 तारखेपर्यंत होकार मागितला होता.

वडिलांच्या मनात ओळखीच्या अधिकाऱ्याकडे शब्द टाकावा असे आले. मुलीने नको म्हटले, ते योग्यच झाले. नोकरी मागणाऱ्याच्या घरातून फोन आला की उमेदवार अजून घराच्या आधाराने चालतो, असाच ग्रह होतो.

अशा मौनामागे नेहमीच नकार असतो असे नाही. कधी प्रथम पसंतीच्या उमेदवाराला नियुक्तीपत्र गेलेले असते आणि त्याचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला कोणी नाही म्हणत नाही. कधी पदाची आर्थिक मंजुरी वरच्या कार्यालयात अडकते. कळवणाऱ्याजवळ निश्चित असे काहीच नसते, म्हणून तो गप्प राहतो. यास्तव ‘का कळवले नाही?’ या प्रश्नाने तो अवघडतो, ‘केव्हापर्यंत कळेल?’ याचे उत्तर मात्र तो देऊ शकतो.

मंगळवारी, 18 तारखेस सकाळी तिने पत्र पाठवले. नवे ई-मेल न काढता मुलाखतीच्या निमंत्रणालाच उत्तर दिले, म्हणजे मागचा सर्व व्यवहार वाचणाऱ्याच्या समोर राहतो. उधारीच्या पहिल्या स्मरणपत्रात जाणता व्यापारी बिलाचा क्रमांक व तारीख लिहितो, टोमणा लिहीत नाही. तसेच हे पत्र होते. इंग्रजीतील त्या पत्राचा आशय असा:

‘लेखा सहायक पदासाठी 6 तारखेस माझी मुलाखत झाली. 14 तारखेपर्यंत निर्णय अपेक्षित होता. प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे व निर्णय साधारण केव्हा होईल, हे कृपया कळवावे. मला अन्यत्र 24 तारखेपर्यंत उत्तर द्यावयाचे आहे. तथापि आपल्या संस्थेतील कामात मला आजही रस आहे.’

अन्यत्र उत्तर द्यावयाचे असल्याचे वाक्य खरे असेल तरच लिहावे. खोट्या नियुक्तीपत्राचा धाक घातला आणि समोरून ‘मग तेथेच रुजू व्हा’ असे उत्तर आले, तर माघारीला वाट उरत नाही. विलंबाबद्दलची नाराजी तिने आधी लिहिली होती, ती पाठवण्यापूर्वी खोडली.

उत्तर आले नसते तर आठवड्याने आणखी एक पत्र पुरे होते. त्यानंतरही मौन राहिल्यास तो नकार समजून पुढे जावे.

येथे गुरुवारी उत्तर आले: मंजुरी बाकी आहे, आणखी तीन आठवडे लागतील. पिता-पुत्रींनी त्या रात्री दुकान बंद झाल्यावर बसून विचार केला. सोमवारी तिने दुसऱ्या कंपनीला होकार दिला आणि वित्तसंस्थेला दोन ओळी लिहून आपले नाव मागे घेतले. त्या बाईंचे आभाराचे उत्तर तासाभरात आले.