हेल्मेटची बादली वेगळी ठेवा

पाऊस ओसरला की सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीबरोबर ग्राहक हेल्मेटही पुढे करतो. “दादा, याचा वास तेवढा घालवा, आणि काच जरा चमकवून द्या.” गिऱ्हाईक जुनं असतं, त्यामुळे नाही म्हणवत नाही. हेल्मेट पोऱ्याच्या हातात जातं आणि तो हाताशी असेल ते वापरतो. पेट्रोलचा बोळा, थिनर, प्लॅस्टिक पार्टचं पॉलिश, सीट चिकटवायचं सोल्युशन हे सगळं गाडीसाठी रोजच्या वापराचं आहे. हेल्मेटच्या बाबतीत मात्र यातलं काहीच चालत नाही. हे काम घ्यायचं असेल, तर त्यासाठी बादली, कपडा आणि फळी वेगळी ठेवावी, नाहीतर ते घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. कापडी पॅडिंगच्या मागे जो पांढरा किंवा काळा कडक थर असतो, तो थर्माकोलचाच दाट प्रकार आहे. डोकं आपटतं तेव्हा हा थर चिरडतो आणि धक्का स्वतःवर घेतो. पेट्रोल, थिनर आणि रबर सोल्युशन यांत थर्माकोल विरघळतो. नव्या पोऱ्याला हे सांगत बसण्यापेक्षा दाखवावं. पॅकिंगच्या थर्माकोलचा तुकडा घेऊन त्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकावेत, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. हेल्मेटमध्ये असाच खड्डा कापडाआड पडतो आणि कुणाला दिसत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाचं तीन वर्षं वापरलेलं हेल्मेट आहे. त्याच्या तक्रारी तीन: वास येतो, डोक्यावर हलतं, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचेवर पसरतो.

पहिल्यांदा वास. ताज्या घामाला फारसा वास नसतो. फोममध्ये मुरलेला घाम, डोक्याचं तेल आणि मळ यांवर जंतू वाढतात, वास त्यांचा असतो. म्हणून वरून सेंट मारला, की दोन दिवसांत सेंट आणि वास दोन्ही एकदम येऊ लागतात. आपल्याकडे यात खोबरेल तेलाची भर पडते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीत नळाच्या पाण्यानं धुतलेल्या पॅडमधलं तेल निघत नाही, आतच बसतं. पाणी कोमट हवं, हाताला सहज सोसेल इतपतच. अर्धी बादली पाण्यात लहान मुलांचा सौम्य शांपू दोन चमचे पुरतो.

गालाचे आणि डोक्याचे पॅड काढताना कापड ओढू नये. टिचबटणाच्या अगदी जवळ बोटं घालून ते वर उचलावं, नाहीतर बटण प्लॅस्टिकच्या पट्टीसकट उपटून येतं. पॅड अर्धा तास भिजवावेत आणि तळहातानं दाबून मळ बाहेर काढावा. पिळू नयेत, पिळल्यानं फोम आणि कापड एकमेकांपासून सुटतात. पाणी तपकिरी यायचं आणि बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत पाणी बदलत राहावं. मग कोरड्या टॉवेलमध्ये दाबून सावलीत, पंख्याखाली वाळवावेत. यासाठी पूर्ण दिवस लागतो, दमट हवेत दोन. वरून कोरडा वाटणारा पॅड टिश्यू पेपरवर घट्ट दाबून पाहावा. कागद ओलसर झाला तर पॅड अजून वाळायचाय. घाईनं हीट गन लावू नये, उष्णतेनं थर्माकोलचा आकार बदलतो. “संध्याकाळी घेऊन जा” हे वचन या कामात द्यायचं नाही.

स्वस्त हेल्मेटमध्ये पॅडिंग चिकटवलेलं असतं. तिथे बुडवण्याचा प्रश्नच येत नाही. शांपूचा नुसता फेस स्पंजनं लावावा, ओल्या कपड्यानं पुनःपुन्हा पुसून घ्यावा आणि हेल्मेट पंख्यासमोर ठेवावं. वास कमी होईल, पूर्ण जाणार नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावं.

आता हलण्याची तक्रार. धुतलेलं पॅडिंग बसवून, पट्टा लावून ग्राहकाला हेल्मेट घालायला सांगावं आणि मागची कड धरून पुढच्या बाजूला ढकलावी. हेल्मेट डोक्यावरून निघून आलं, तर अपघातातही ते तसंच निघेल. बाजूला फिरवून पाहताना गालांची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर फोम बसलाय. त्याच मॉडेलचे, त्याच मापाचे नवे पॅड मिळत असतील तर ते घालावेत. सीट कव्हरवाल्याकडून फोम कापून सोल्युशननं चिकटवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण विरघळलेला थर्माकोल त्या नव्या फोमखालीच झाकला जातो. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. ज्या रचनेची चाचणी होऊन ते चिन्ह मिळालं, ती रचना आपण गॅरेजमध्ये बदलू नये.

काचेकडे वळण्याआधी ओरखडे वाचायला शिकावं. गोल गोल रेषा असतील तर मालक धूळ बसलेली काच कोरड्या फडक्यानं पुसतो. काच वर-खाली होते त्याच दिशेनं जाणाऱ्या उभ्या रेषा असतील, तर वरच्या कडेच्या रबरात वाळूचे कण अडकलेत आणि काच प्रत्येक वेळी त्यांवर घासते. तिथे काच पुसून उपयोग नाही, रबराची खाच ओल्या मऊ ब्रशनं साफ करावी लागते.

धूसरपणाचीही परीक्षा सोपी आहे. काच शांपूच्या पाण्यानं धुऊन धूसरपणा गेला, तर तो धुराचा आणि तेलाचा थर होता. पाणी असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धूसर झाली, तर बारीक ओरखडे आहेत, पाण्यानं ते तेवढ्यापुरते भरले होते. ओली असतानाही कडेला जाळीदार तडे दिसले, तर बहुतेक वेळा पेट्रोल किंवा तसलं काही लागलेलं असतं. अशी काच ठिसूळ होते, ती बदलायचीच.

टूथपेस्ट किंवा हेडलाइट पॉलिशनं बारीक ओरखडे फिके दिसतात हे खरं. पण ही काच पॉलीकार्बोनेटची असते. हा पदार्थ आपटून सहसा फुटत नाही, मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असतो, म्हणून वर कठीण लेप दिलेला असतो. पॉलिश तो लेपच घासून काढतं, आणि पुढचे ओरखडे आणखी लवकर पडतात. नखाला ओरखडा लागत असेल किंवा रात्री दिवा पसरत असेल, तर नवी काच घालणं हाच उपाय आहे, आणि ती नव्या हेल्मेटच्या मानानं स्वस्त पडते. काच चांगली असेल तर ओला मऊ कपडा दहा मिनिटं तिच्यावर पसरून ठेवावा, चिकटलेले किडे आणि धूळ मऊ पडली की पाण्यानं वाहवून लावावी आणि काच टिपून घ्यावी. आतल्या बाजूला वाफ न धरण्याचा लेप असेल तर तिथे हात आणखी हलका ठेवावा, आणि घरातल्या आरशांसाठी येणारा अमोनियाचा स्प्रे कुठल्याच बाजूला मारू नये.

आपल्या उदाहरणातल्या तरुणाला धुलाई, त्याच मापाचे गालाचे पॅड आणि नवी काच एवढं पुरेल. पण पॅड काढल्यावर आतल्या थर्माकोलमध्ये चीर, दबलेला खळगा किंवा वितळल्याची खूण दिसली, तर काम तिथेच थांबवावं. आरशाला टांगून ठेवायच्या सवयीनंही असे खळगे पडतात, आणि चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. अपघातात आपटलेलं हेल्मेटही धुवायला घेऊ नये. धुतल्यानं ते चांगलं दिसतं आणि ग्राहक ते आणखी दोन वर्षं वापरतो. अशा वेळी बिल न करता ग्राहकाला आतला भाग दाखवावा आणि नवं घ्यायला सांगावं.