एआयच्या चित्रात साडीचा रंग बदलायला सांगितला, तर चेहरा का बदलतो?

समजा, गणेशोत्सवासाठी मिठाईच्या दुकानाची जाहिरात एआयवर तयार झाली. हिरव्या नऊवारीतली बाई आणि तिच्या हातात 11 मोदकांचं ताट. दुकानदार डिझायनरला एवढंच कळवतो, 'साडी जांभळी करा.' नव्या चित्रात साडी जांभळी होते, पण नथ गायब, चेहरा वेगळा आणि ताटात 9 मोदक! यात दरवेळी डिझायनरचाच निष्काळजीपणा असतो असं नाही.

असं का होतं?

हाताने केलेल्या डिझाइनमध्ये साडी, ताट, अक्षरं वेगवेगळ्या लेयरवर ठेवता येतात. एआयचं चित्र सहसा एकसंध असतं. चित्रं काढणारी बरीच एआय साधनं विस्कळीत ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि दिलेल्या वर्णनाप्रमाणे संपूर्ण चौकट टप्प्याटप्प्याने स्पष्ट करत नेतात. वर्णनातला एक शब्द बदलून चित्र पुन्हा काढलं, की ही सगळी प्रक्रिया पुन्हा होते. जुनं चित्र देऊन दुरुस्ती करणारी साधनंही आहेत. त्यांत बदल कमी होतो, तरी बारीक तपशील हलू शकतात. दुरुस्तीवर दुरुस्ती केली तर हा फरक साठत जातो.

मग सांगायचं कसं?

आवडलेल्या चित्रावर बदलायच्या भागाभोवती गोल करून पाठवा. डिझायनर तेवढाच भाग निवडून पुन्हा काढू शकतो. याला 'इनपेंटिंग' म्हणतात. एका वेळी एकच बदल सांगा आणि काय तसंच राहायला हवं तेही लिहा:

'दुसऱ्या क्रमांकाच्या चित्रात फक्त साडी जांभळी हवी. चेहरा, नथ, काठ आणि 11 मोदक आहेत तसेच ठेवा. बदललेला भाग मूळ चित्रावरच बसवा.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण काही साधनं निवडलेल्या भागाबाहेरचे रंग-रेषाही किंचित बदलतात. नुसता रंग बदलायचा असेल तर एआयची गरजही नसते. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये साडी निवडून तिचा रंग बदलता येतो. दुकानाचं नाव, दर आणि लोगो तर चित्रात काढून न घेता वेगळ्या लेयरवरच ठेवायला सांगा. मग दर बदलला तरी चित्राला हात लागत नाही.

बाकी काही बदललं नाही, हे कसं ओळखायचं?

डिझायनरला दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून 'डिफरन्स' मोड लावायला सांगा. जे बदललेलं नाही ते काळं दिसतं आणि बदललेला भाग उजळ दिसतो.

काही मागण्या मात्र ऐकायला छोट्या असल्या तरी छोट्या नसतात. बाईला दुसरीकडे बघायला लावलं की चेहरा, नथ, मान, केस सगळं नव्याने काढावं लागतं. सकाळचा प्रकाश संध्याकाळचा केला की प्रत्येक सावली बदलते. अशी मागणी म्हणजे नवं चित्रच. त्याचा वेळ आणि पैसे आधीच ठरवलेले बरे.