घरे पाच, उत्तरे दोन

सत्र संपत आले की आमच्या टपालात शब्दकोडी येऊ लागतात. बहुतेक प्रथम वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्राची असतात. सत्रभर शिकवलेल्या वीस-पंचवीस संज्ञा घेतलेल्या, त्या आडव्या-उभ्या बसवलेल्या आणि संकेत म्हणून तासाला सांगितलेल्या व्याख्या दिलेल्या. जाळीवर घेतलेली मेहनत दिसते. संकेत मात्र टिपणवहीतून जसेच्या तसे उचललेले असतात. आमच्या मते मेहनतीची वाटणी उलटी व्हायला हवी, आणि त्याचे कारण आपल्या लिपीत आहे.

आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे छापले. पुढे अमेरिकी कोड्यांत असा दंडक रूढ झाला की प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावे. एखादे अक्षर चुकले तर दुसरा शब्द अडतो आणि चूक तिथेच उघडी पडते. मराठीत हे जमत नाही. आपण एका घरात मात्रेसकट, जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर लिहितो. क, का, किं आणि क्ते ही चार वेगळी घरे झाली. त्यांतले एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. शब्दांना सामाईक अक्षर सापडणे त्यामुळे अवघड होते आणि बरीचशी घरे एकाच शब्दाची राहतात. त्या घरांतली चूक जाळी पकडत नाही. ती पकडण्याचे काम संकेतावर येते.

एक छोटी जाळी मांडून पाहू. मधोमध आडवा शब्द ‘लवचिकता’, घरे पाच. त्याच्या ‘ल’वर वरून उतरणारा ‘समतोल’ येऊन संपतो, आणि ‘ता’वर ‘उपयोगिता’ येऊन संपते. आता ‘समतोल’च्या ‘म’पासून उजवीकडे ‘मक्तेदारी’ लिहावी असे कुणालाही वाटेल. पण ‘री’ थेट ‘उपयोगिता’च्या ‘यो’ला जाऊन भिडते आणि ओळ ‘मक्तेदारीयो’ अशी वाचली जाते. म्हणून त्याच ‘म’वर डावीकडून येणारा ‘पसंतीक्रम’ संपवायचा. ‘उपयोगिता’च्या ‘उ’पासून उजवीकडे ‘उत्पादन’ जाते आणि त्याच्या ‘न’पासून खाली ‘नफा’. सहा शब्द झाले. घरे वीस भरली, त्यांतली दोन शब्दांची फक्त पाच. उरलेल्या पंधरा घरांत विद्यार्थ्याने काय लिहिले याला कुणी साक्षीदार नाही.

(‘मागणी’ या जाळीत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. सत्रातला सगळ्यात मोठा शब्द आणि बसवायला सगळ्यात अवघड. ‘ग’ला ‘गरज’ मिळते, ‘मा’ला ‘सीमान्त’. ‘णी’ला आमच्या यादीत कुणीच नाही.)

आता ‘उपयोगिता’चा संकेत पाहा. आलेल्या कोड्यांत तो साधारण असा असतो: ‘मानवी गरज भागवण्याचा वस्तूतील गुण (5)’. व्याख्या बरोबर आहे, तासाला आपण हीच सांगतो. पण वर्गातला निम्मा बाक इथे ‘उपयुक्तता’ लिहील. अक्षरे मोजा: उ, प, यु, क्त, ता. तीही पाचच. पहिली दोन तीच, शेवटचे तेच. आपल्या जाळीत ‘उत्पादन’ने ‘उ’ची खात्री दिली आणि ‘लवचिकता’ने ‘ता’ची, या दोन्ही खात्र्या दोन्ही उत्तरांना सारख्याच लागू पडतात. विद्यार्थी कोडे पूर्ण सोडवतो, एकही शब्द अडत नाही, आणि या प्रकरणातली सर्वांत नेहमीची गफलत वहीत पक्की होऊन बसते. उपयोगिता गरजेवर ठरते आणि उपयुक्तता हितावर. सिगारेट ओढणाऱ्यासाठी तिच्यात पहिली असते, दुसरी नसते. हा फरक शिकवायला आपण अर्धा तास घालवलेला असतो आणि शेवटी आपल्याच कोड्याने तो पुसून टाकलेला असतो.

यावर उपाय दोन आहेत आणि शक्य असेल तर दोन्ही करावेत. पहिला जाळीतला. ‘यु’ आणि ‘यो’, ‘क्त’ आणि ‘गि’ ही घरे वादाची आहेत, तेव्हा तिथूनच एखादा शब्द जायला हवा. याच सत्रातला ‘गिफेन’ त्यासाठी आयता मिळतो. ‘गि’पासून उजवीकडे लिहिला तर कुणाला धक्का लागत नाही, खाली ‘लवचिकता’ आधीच्या रकान्यात ‘ता’वर थांबलेली आहे आणि वर ‘उत्पादन’ दोन ओळी सोडून आहे. ‘भाव वाढूनही गरीब घरात ज्यांची खरेदी वाढते अशा वस्तू या रॉबर्टच्या नावाने ओळखल्या जातात (3)’ हा संकेत ज्याला सुटला, त्याची ‘उपयुक्तता’ चौथ्या घरात अडखळते. बाविसांपैकी सहा घरे आता दोन शब्दांची झाली, आणि मुद्द्याचे घर त्यांत आले.

दुसरा उपाय संकेतातला. व्याख्येचे सहसा दोन भाग असतात. संज्ञा कोणत्या जातीची हे एक भाग सांगतो, आणि शेजारच्या संज्ञेपासून ती कुठे वेगळी पडते हे दुसरा. टिपणांत पहिला भाग ठळक असतो, कारण परीक्षेत त्यालाच गुण मिळतात. संकेत दुसऱ्या भागावरून लिहायचा. ‘गरज भागवण्याची वस्तूतली शक्ती, दारूतही असते, हिताशी तिचा संबंध नाही (5)’ असे लिहिले की ‘उपयुक्तता’ला जागाच राहत नाही.

हीच कसोटी ‘मागणी’ला लावा. ‘वस्तू मिळावी अशी इच्छा’ म्हटले तर ते मागणीचे वर्णन होत नाही. ‘इच्छा आहे, ऐपत आहे आणि त्या किमतीला पैसे मोजायची तयारीही आहे (3)’ असे म्हटले तर तीन अटींपैकी एकही सुटत नाही. ‘पूरक’चा संकेत ‘एकमेकींशी संबंधित असणाऱ्या (वस्तू)’ असा आला होता. संबंधित तर पर्यायी वस्तूही असतात. ‘एकीचा भाव चढला की दुसरीची मागणी उतरते, अशा (वस्तू) (3)’ हे पुरेसे आहे. उत्तर विशेषण असेल तर संकेतही विशेषणाच्या जागी बसणारा हवा, एवढे इथे पाहून घ्यावे.

कंसातल्या आकड्याबद्दलही थोडे सांगायला हवे. मागणीतली ‘वाढ’ आणि मागणीचा ‘विस्तार’ यांतला फरक तपासावा म्हणून अनेक जण दोन्ही शब्द कोड्यात घालतात. पण एकाला दोन घरे, दुसऱ्याला तीन. विद्यार्थी घरे मोजतो आणि उत्तर भरतो. उत्पन्न वाढल्यामुळे वक्र सरकला की किंमत उतरल्यामुळे त्याच वक्रावर खाली आलो, याचा त्याला विचारही करावा लागत नाही. ‘विस्तार’ आणि ‘संकोच’ दोन्ही तीन घरांचे आहेत. तिथे मोजून भागत नाही, वाचावे लागते. ज्या जोडीत गफलत होते ती समान घरांची असेल तरच कोड्यात घ्यावी. नाहीतर तो प्रश्न लेखी परीक्षेसाठी ठेवावा.

लेखनाचे एक पथ्य. कुणी ‘सीमान्त’ लिहितो, कुणी ‘सीमांत’. गद्यात काही बिघडत नाही. जाळीत पहिल्याचे मधले घर ‘मा’ आहे आणि दुसऱ्याचे ‘मां’. ‘मागणी’शी पहिलाच जुळतो. विद्यार्थ्याच्या पुस्तकात जे छापले असेल तेच घ्यावे आणि कोड्यावर तसे नमूद करावे. इंग्रजीसाठी बनवलेल्या संगणकी साधनांवर कोडे तयार करणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. ‘मक्तेदारी’ कागदावर चार घरांची आहे, पण संगणकाच्या साठवणीत तिची नऊ चिन्हे होतात: म, क, हलन्त, त, एकाराची मात्रा, द, काना, र, वेलांटी. साधन चिन्हे मोजणारे असेल तर एका घरात नुसती वेलांटी लोंबकळताना दिसते. मराठी अक्षर नीट तोडणारे साधन हाताशी नसेल तर चौकटीचा कागद बरा, किंवा एक्सेलच्या तक्त्यात एका घरात एक अक्षर हाताने टाकावे.

संकेत लिहायचे काम विद्यार्थ्यांना दिले तर? काही महाविद्यालयांत हा प्रयोग चालतो आणि तिथून येणारे कागद आम्ही आवडीने वाचतो, छापण्यासाठी नव्हे तर निदानासाठी. जाळी शिक्षकाने द्यायची, उत्तरे भरलेली. मुलांनी वही न उघडता संकेत लिहायचे. ‘पुरवठा’साठी एकीने लिहिले होते, ‘दुकानात पडून असलेला माल (4)’. तो साठा झाला. कोणत्या किमतीला किती माल विकायला काढायची तयारी आहे, हा विचार तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही, आणि हे तिच्या उत्तरपत्रिकेतून कळले नसते. तिथे तिने पाठ केलेली व्याख्या शब्दशः उतरवली असती. ‘खंड’साठी एकाने ‘शेताचे भाडे (2)’ लिहिले होते. रोजच्या बोलण्यात ते बरोबर, पण रिकार्डोचा खंड जमिनीच्या मूळच्या आणि नाश न पावणाऱ्या शक्तींपुरता आहे. शेतात बांधलेल्या विहिरीचा मोबदला त्यात धरत नाहीत. भाड्यात धरतात.

या साऱ्यातून संज्ञेची ओळख तपासली जाते, त्यापलीकडे काही नाही. लवचिकता 0.5 निघाली तर किंमत वाढवून विक्रेत्याची एकूण प्राप्ती वाढेल की घटेल, हे कोडे विचारू शकत नाही. वक्र काढून घेता येत नाही. म्हणून कोड्याला अंतर्गत मूल्यमापनात दहा गुण देण्याची टूम आम्हाला पटत नाही. उजळणीच्या तासाला वीस मिनिटे ठीक.

पुढील अंकापासून कोडे पाठवणाऱ्यांना एक विनंती. जाळी आणि उत्तरांबरोबर तिसरा कागद जोडावा: डावीकडे तासाला सांगितलेली व्याख्या, मधे संकेत, आणि उजवीकडे तेवढ्याच घरांची, जवळच्या अर्थाची जी संज्ञा विद्यार्थी चुकून लिहू शकेल ती. उजवा रकाना सर्वत्र रिकामा असेल, तर तो कागद पुन्हा भरून पाठवायला आम्ही सांगू.