गप्पांची अनुक्रमणिका

पाऊण तासाच्या पॉडकास्टमध्ये पाहुणे कुंडीतल्या मातीविषयी नेमके कुठे बोलले, हे शोधायला सगळ्या गप्पा पुन्हा ऐकाव्या लागू नयेत, म्हणून सोबत टिपण देतात. गप्पांच्या लिखित प्रतीवरून ते सहज करता येते. फसगत होते ती वेळांची. कारण लिखित प्रत बहुधा मूळ ध्वनिमुद्रणाची असते आणि श्रोते ऐकतात ती काटछाट केलेली.

समजा, बाल्कनीतल्या बागेवर गप्पा झाल्या. सुरुवातीची २ मिनिटे १० सेकंदांची चाचणी कापली आणि २५ सेकंदांचे संगीत जोडले. म्हणजे पुढचे सारे १ मिनिट ४५ सेकंद अलीकडे सरकले. प्रतीत ९:३० ला असलेला मातीचा प्रश्न आता ७:४५ ला येईल. पुढे विसाव्या मिनिटाला फोन वाजला, म्हणून ३ मिनिटे गाळली. त्यानंतरच्या प्रत्येक वेळेतून ४ मिनिटे ४५ सेकंद वजा करायचे. ३१:०५ चा किडीचा प्रश्न २६:२० ला मिळेल.

```
0:00 पाहुण्यांची ओळख
7:45 कुंडीतली माती कशी भरावी
26:20 पाने कुरतडणारी कीड
```

यूट्यूबवर पहिली वेळ 0:00 हवी, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचे हवे. नाहीतर प्रकरणे दिसत नाहीत. वेळ प्रश्न सुरू होतो तिथली द्यावी. उत्तराच्या मधली दिली, तर ऐकणाऱ्याला विषयच कळत नाही. शेवटी तयार भागात सुरुवातीची, मधली आणि अखेरची वेळ लावून पाहावी. पहिली बरोबर आणि शेवटची चूक निघाली, तर मधली एखादी काटछाट हिशेबात धरायची राहिली आहे असे समजावे. काही ठिकाणी जाहिराती ऐकतेवेळी आपोआप घातल्या जातात. तिथे श्रोत्यागणिक वेळा थोड्या मागेपुढे होणारच.

पाहुण्यांचे नाव आणि हुद्दा प्रतीतून उचलू नये. संगणकाने उतरवलेल्या प्रतीत आडनावे हमखास बिघडतात. दोन ओळींचा परिचय पाहुण्यांकडूनच तपासून घ्यावा.

यादीसाठी प्रत एकदा निराळी वाचावी. माणसे बोलताना पुस्तकाचे पूर्ण नाव क्वचितच घेतात. "दुर्गाबाईंचं ते ऋतूंवरचं पुस्तक" एवढेच वाक्य असेल, तर यादीत 'ऋतुचक्र, दुर्गा भागवत' असे लिहून पुढे त्याची वेळ द्यावी. एखादे नाव ओळखता आले नाही, तर पाहुण्यांना विचारावे. तरीही कळले नाही, तर गाळावे. अंदाजाने लिहिलेल्या नावाचे पुस्तक दुकानात शोधत हिंडण्याची पाळी श्रोत्यावर येते.