थंडीतला स्लॅब आणि सुपरवायझरचे गुण

मार्चअखेर आला की साइट सुपरवायझरचे मूल्यमापन निघते. बहुतेक कार्यालयांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्लॅब तारखेला पडले का? सुरक्षितता, मालाची नासाडी आणि मजुरांचे नियोजन यांचे गुण मग त्याच उत्तराकडे बघून भरले जातात. हा क्रम मोडायला हवा.

जानेवारीतला चार मीटर गाळ्याचा स्लॅब घ्या. आयएस ४५६ नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात. मात्र ही मुदत साध्या पोर्टलँड सिमेंटची आणि तापमान १५ अंशांखाली उतरत नसतानाची आहे. नाशिकला जानेवारीच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो. सिमेंट पीपीसी असेल तर सुरुवातीची ताकदही सावकाश येते. अशा वेळी सुपरवायझरने टेकू हलू दिले नाहीत, स्लॅबशेजारी ठेवलेल्या क्यूबचा निकाल पाहिला, स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घेतली आणि दहाव्या दिवशी सेंट्रिंग खोलले, तर ते तीन दिवस त्याच्या नावावर टाकू नयेत. चूक वेळापत्रक आखणाऱ्याची आहे. सातव्या दिवशी विनासही खोलणाऱ्याला ‘वेळेत’ म्हणून गुण दिलेत, तर पुढच्या हिवाळ्यात सगळेच तसे करतील.

नासाडीचेही तसेच. समजा स्लॅबला ६,६०० किलो सळई लागली आणि बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे ती ६,२५० हवी होती. फरक ३५० किलोंचा. त्यातले २०० किलो तुकडे वजन करून रचलेले आहेत, ६० किलो खुर्च्यांत गेले. उरलेल्या ९० किलोंचा जाब सुपरवायझरला विचारा. ड्रॉइंग उशिरा बदलल्यामुळे वाढलेल्या तुकड्यांचा जाब कार्यालयाने द्यावा.

मजुरांच्या बाबतीत हजेरीपटावरचे खाडे मोजून भागत नाही. पेठ-सुरगाण्याची माणसे भातलावणीला गावी जातात, द्राक्षहंगामात दिंडोरी-निफाडच्या बागा मजूर ओढतात. हे सुपरवायझरने महिनाभर आधी कळवले होते का, ते पाहा.

सुरक्षिततेला ‘शून्य अपघात’ म्हणून पूर्ण गुण देणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. त्याने किरकोळ इजा दडवल्या जातात. २ जुलै २०१९ रोजी गंगापूर रोडजवळच्या ध्रुवनगरात बांधकामावरची पाण्याची टाकी कोसळून मजूर दगावले. मजुरांच्या वापराची टाकी, झोपड्या, तात्पुरती वायरिंग इमारतीच्या नकाशात नसतात, म्हणून तपासणीतून सुटतात. सुपरवायझरच्या वहीत अशा धोक्यांच्या नोंदी किती आहेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे दुरुस्तीची तारीख पडली आहे का, हे पाहून गुण द्या. दुरुस्तीसाठी मागितलेले पैसे कार्यालयाने अडवले असतील, तर तेही त्याच पानावर लिहा.